थकबाकी भरून झाली, आता उधारी पुन्हा कशी सुरू करायची?

घाऊक विक्रेत्याच्या ऑफिसात वसुलीचं टेबल नव्याने हाती आलं की बाकी कशी मागायची, हे सगळे शिकवतात. बाकी आल्यानंतर काय करायचं, ते फारसं कोणी सांगत नाही. पैसे जमा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी सेल्समन दारात उभा राहतो. ‘पार्टी क्लिअर झाली, आता माल सोडा.’ मालक गडबडीत मान हलवतात आणि सहा महिन्यांनी तेच खातं पुन्हा तेवढ्याच रकमेला थकतं. त्या मधल्या दोन-चार दिवसांत काय करायचं, त्याची ही कृती आहे.

समजण्यासाठी एक प्रसंग धरू. आकडे कल्पित आहेत, पण सांगली भागातल्या कुणालाही ओळखीचे वाटतील. तुम्ही सांगलीत पीव्हीसी पाइप आणि ठिबकच्या साहित्याच्या घाऊक पेढीत आहात. तासगावच्या एका दुकानदाराला ४५ दिवसांची मुदत आणि ६ लाखांची उधारीची मर्यादा दिलेली होती. त्याची चार बिलं थकली. १२ सप्टेंबरचं १,१०,०००, ३ ऑक्टोबरचं १,६४,०००, २१ ऑक्टोबरचं १,३८,००० आणि १० नोव्हेंबरचं ६८,०००, म्हणजे एकूण ४,८०,००० रुपये. जानेवारीत तुम्ही उधारीवर माल बंद केला. मग १० फेब्रुवारीला २,००,००० आरटीजीएसने आले, ५ मार्चला १,५०,००० एनईएफटीने आणि २० मार्चला १,१६,००० चा चेक आला. दुकानदाराचा फोन आला, ‘साहेब, आता आपलं काही देणं नाही. उद्या गाडी पाठवा.’

बाकी खरंच शून्य आहे का?

बेरीज करून पाहा. आलेले पैसे ४,६६,००० होतात, चार लाख ऐंशी हजार नाहीत. १४ हजारांचा फरक आहे. दुकानदार म्हणतो, नोव्हेंबरच्या बिलातले फिल्टर गळके निघाले, ते परत पाठवले. तुमच्या वहीत त्याची क्रेडिट नोट नाही. बहुतेक वेळा असाच एखादा लहान आकडा राहून जातो आणि पुढच्या वर्षीच्या भांडणाचं मूळ तिथे असतं. म्हणून गोदामात विचारा, परतीचं चलन शोधा. माल खरंच आला असेल तर क्रेडिट नोट आजच काढा. आला नसेल तर १४ हजार अजून येणे आहेत हे आजच सांगा. जीएसटीत विक्रीच्या बिलावरची क्रेडिट नोट त्या आर्थिक वर्षानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच विवरणात दाखवून कर कमी करता येतो. तेव्हा ‘बघू नंतर’ म्हटलं की कराचा भाग तुमच्या अंगावर येऊ शकतो.

दुसरं म्हणजे चेक. चेक हातात येणं आणि चेक वटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विशेषतः आधी एखादा परत आला असेल, तर बँकेच्या उताऱ्यात रक्कम पक्की झाल्याशिवाय उधारीचं बोलणं सुरूच करू नका.

तिसरी गोष्ट बिलवार मिळवणीची. टॅलीत जमा नोंद करताना घाईने `On Account` टाकलेलं असेल, तर एकूण बाकी बरोबर दिसते पण बिलं उघडीच राहतात. मग `Outstandings` च्या यादीत सप्टेंबरचं बिल अजून थकलेलं आणि वर एक सुटी जमा, असं चित्र दिसतं. प्रत्येक जमा `Agst Ref` ने त्या त्या बिलाला लावा. कोणती रक्कम कोणत्या बिलाची, याचा नियम भारतीय करार कायद्यात आहे. देणाऱ्याने पैसे देताना बिल सांगितलं असेल आणि तुम्ही पैसे घेतलेत, तर ते त्याच बिलाला लावावे लागतात. त्याने काहीच सांगितलं नसेल, तर निवड तुमची. आणि कोणीच काही ठरवलं नाही तर जुनं कर्ज आधी फिटतं. म्हणून त्याचे मेसेज आणि चेकसोबतची चिठ्ठी आधी वाचा. आपल्या प्रसंगात त्याने काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून जुन्या बिलापासून क्रमाने लावू.

मिळवणी झाली की खातेउतारा पाठवा आणि ‘बाकी मान्य’ अशी सही-शिक्क्याची प्रत परत मागवा. ही प्रत हातात आल्यावरच पुढच्या पायरीला हात घाला.

पैसे आले कसे, आणि कुठून आले?

बाकी शून्य झाली याचा अर्थ पार्टी सुधारली असा होत नाही. तुमच्या हातात एक चांगलं माप आहे, ते म्हणजे खरे दिवस. जमा बिलांना लावल्यावर पहिलं बिल १५१ दिवसांनी मिटलेलं दिसतं. दुसऱ्याचा शेवटचा तुकडा १५३ दिवसांनी आला, तिसऱ्याचा १५० दिवसांनी आणि चौथं १३० दिवसांनी मिटलं. कागदावर ४५, प्रत्यक्षात पाच महिने.

आता हे पाच महिने तासगावच्या पंचांगाशी लावून पाहा. द्राक्षाची फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, तेव्हा शेतकरी पाइप आणि नळ्या उचलतो. त्याच्या हातात पैसा येतो तो द्राक्षं विकल्यावर, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. दुकानदाराने त्याला उधार दिलं आणि पैसे हंगामात मिळाल्यावर तुम्हाला दिले. जमा तारखा नेमक्या त्या काळातल्या आहेत. म्हणजे हा माणूस बुडवणारा नाही. तो शेतकऱ्याची उधारी तुमच्या पैशावर चालवतो आहे. दोन्हींवरचा इलाज वेगळा असतो, म्हणून हा शोध आधी घ्यायचा.

हेच पैसे डिसेंबरच्या मध्यात, हंगामाच्या आधी, एकरकमी आले असते तर मला जास्त काळजी वाटली असती. मग विचारावं लागतं, ते कुठून आले? दुसऱ्या घाऊक विक्रेत्याला थांबवून तुमचे भरले का? खासगी सावकाराकडून उचलले का? बँक उताऱ्यात पाठवणाऱ्याचं नाव पाहा. मेव्हण्याच्या खात्यातून आले असतील तर ‘ही रक्कम अमुक दुकानाच्या बाकीपोटी’ असं पत्र त्या मेव्हण्याकडून घ्या, नाहीतर उद्या तो परत मागायला येऊ शकतो. १८० दिवसांचं गणितही लक्षात ठेवा. बिलाच्या तारखेपासून इतक्या दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर दुकानदाराला त्या बिलावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येतं. सप्टेंबरच्या बिलाची ही मुदत ११ मार्चला संपत होती. कित्येकदा पैसे तुमच्या तगाद्याने नव्हे, तर त्याच्या कर सल्लागाराच्या तगाद्याने आलेले असतात.

आणखी एक पाच मिनिटांची तपासणी. जीएसटीच्या संकेतस्थळावर `Search Taxpayer` मध्ये त्याचा नंबर टाकला की विवरणं भरल्याच्या तारखा कुणालाही दिसतात. तीन-चार महिन्यांचं `GSTR-3B` भरलेलंच नसेल, तर तुमची बाकी शून्य असली तरी दुकानाची तब्येत ठीक नाही. तिथेच थांबा. काही महिने आगाऊ पैशावरच माल द्या आणि कारण स्पष्ट सांगा.

व्याजाचं काय करायचं?

तुमच्या बिलावर ‘मुदतीनंतर वार्षिक १८ टक्के व्याज’ छापलेलं आहे, असं धरू. मुदत संपल्यापासून पैसे आल्यापर्यंत प्रत्येक तुकड्यावर हिशेब केला, फिल्टरचे १४ हजार वगळले, तर व्याज सुमारे २२,३०० रुपये होतं. हा आकडा काढाच. घ्यायचा की सोडायचा, हा निर्णय मालकांचा, पण आकडा समोर नसताना सोडलेलं व्याज कुणाच्याच लक्षात राहत नाही.

माझं मत सांगतो. जो दुकानदार हंगामी अडचणीमुळे उशीर करतो आणि एकदाच थकला आहे, त्याचं व्याज सोडावं, पण पत्रात आकड्यासह लिहून. ‘२२,३०० रुपये या वेळेपुरते माफ’ हे वाक्य पुढच्या वेळी कामाला येतं. घ्यायचं ठरलं तर लक्षात ठेवा, उशिराच्या व्याजावरही मालाच्याच दराने जीएसटी लागतो आणि तो व्याज प्रत्यक्ष मिळेल तेव्हा भरायचा असतो.

मर्यादा किती ठेवायची?

इथे नवखे लोक सरळ जुना आकडा परत टाकतात. ६ लाख होते, ६ लाख करा. पण तो आकडा कुठून आला होता, हे विचारा. या दुकानाची वर्षाची खरेदी करासह २१ लाख ६० हजार आहे, म्हणजे महिन्याला सरासरी १ लाख ८० हजार. ४५ दिवसांची मुदत पाळली तर एका वेळी बाहेर राहायला हवेत २ लाख ७० हजार. ६ लाखांची मर्यादा म्हणजे शंभर दिवसांची उधारी. मुदत ४५ लिहायची आणि मर्यादा शंभर दिवसांची ठेवायची, मग मर्यादा भरेपर्यंत कोणाला काही खटकतच नाही. थकबाकीची अर्धी जबाबदारी या आकड्याची होती.

म्हणून आपण मुदत पूर्ववत करू, मर्यादा नाही. ४५ दिवस पूर्ण परत, दर तोच, रोख सवलत तीच. मर्यादा मात्र ३ लाख. ऑगस्टअखेर सगळी बिलं मुदतीत मिटली तर ४ लाख. पुन्हा ६ लाखांचा विषय नाही.

दुकानदार कुरकुरेल. त्याला कमी केल्यासारखं वाटू देऊ नका. त्याच्याच खरेदीचा हिशेब दाखवा. ‘भाऊ, तुमच्या महिन्याच्या खरेदीला दीड महिन्यासाठी पावणेतीन लाख लागतात, आम्ही तीन ठेवलेत’ हे कळायला सोपं आहे. ‘कंपनीची पॉलिसी’ असं म्हटलं की तो दुसऱ्या पेढीला फोन लावतो.

पहिल्या ऑर्डरवरही लक्ष ठेवा. २० मार्चला एक लाख सोळा हजार देऊन पंचविसाव्या तारखेला तीन लाखांचा माल मागितला, तर त्याने बाकी फेडलेली नाही, फिरवलेली आहे. पहिली ऑर्डर महिन्याच्या सरासरीएवढी, म्हणजे एक लाख ऐंशी हजारांच्या आत ठेवा. हंगामाबाहेर त्याला त्याहून जास्त लागण्याचं कारणही नसतं.

अटी मोजता येतील अशा लिहा

‘यापुढे वेळेवर पैसे द्यावेत’ ही अट नाही, ती विनंती आहे. अटीत तारीख किंवा रक्कम हवी आणि ती मोडली तर काय होईल, हेही हवं. ते परिणाम आपोआप घडणारे असावेत, दर वेळी मालकांच्या मूडवर अवलंबून नसावेत. अटी चार-पाचच ठेवा, दहा लिहिल्या तर तुम्हीच त्या पाळायला विसराल.

यांपैकी एक अट नवख्यांकडून हमखास सुटते. एकाच माणसाच्या दोन फर्म असतात, एक स्वतःच्या नावाची, एक बायकोच्या किंवा मुलाच्या नावाची. एकात थकलं की दुसरीत माल उचलतात. मर्यादा दोन्ही खाती मिळून आहे, असं लिहा आणि पत्रावर दोघांचीही सही घ्या.

पत्र असं असू शकतं:

> दि. २५ मार्च
>
> श्री. ……… यांस,
> सप्रेम नमस्कार.
>
> आपल्या खात्यावरील १२ सप्टेंबर ते १० नोव्हेंबर या काळातील चारही बिलांची रक्कम आम्हाला मिळाली. परत आलेल्या फिल्टरची रु. १४,००० ची क्रेडिट नोट सोबत जोडली आहे. आज आपल्याकडे आमचे काहीही येणे नाही. उशिराच्या काळाचे व्याज रु. २२,३०० होते, ते आम्ही या वेळेपुरते सोडत आहोत.
>
> आजपासून आपली ४५ दिवसांची मुदत पूर्ववत सुरू करत आहोत. त्यासाठी पुढील गोष्टी ठरल्या आहेत:
>
> १. मुदत बिलाच्या तारखेपासून मोजली जाईल. उधारीची मर्यादा आपल्या दोन्ही फर्म मिळून रु. ३,००,००० राहील.
> २. आलेली रक्कम सर्वांत जुन्या बिलाला आधी लावली जाईल.
> ३. कोणतेही बिल मुदतीनंतर ७ दिवस उलटूनही बाकी राहिले, तर ते मिटेपर्यंत दोन्ही फर्मना माल आगाऊ रकमेवरच मिळेल. चेक परत आल्यासही हेच लागू राहील.
> ४. मालाबद्दल तक्रार असल्यास माल मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी कळवावी. तक्रारीची रक्कम सोडून उरलेले बिल मुदतीतच द्यावे.
> ५. ऑगस्टअखेरपर्यंतची सर्व बिले मुदतीत मिटल्यास मर्यादा रु. ४,००,००० करण्यात येईल.
>
> मान्य असल्यास दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का करून पाठवावी. प्रत मिळताच माल सुरू होईल.
>
> आपला,
> ………

तक्रारीची चौथी अट बारीक वाटते, पण तिच्यावाचून बाकीच्या अटी लुळ्या पडतात. चौदा हजारांच्या फिल्टरसाठी अडुसष्ट हजारांचं बिल अडवून ठेवायचं, हा जुना डाव आहे.

पुढच्या तारखांचे चेक घ्यावेत का? घेतले तर बरं, पण त्यांच्यावर फार विसंबू नका. चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो. तो परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस मिळतात आणि त्यानंतर एका महिन्यात कोर्टात तक्रार करावी लागते. यातली एक तारीख चुकली की चेक न वटल्याच्या गुन्ह्याच्या कलम १३८ ची धार बोथट होते. नव्या टेबलावरच्या माणसाने चेक घेतला की या तारखा त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहाव्यात.

तुमची पेढी व्यापारी आहे, म्हणून वरचं पत्र पुरतं. पण तुम्ही उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडे काम करत असाल, तर चित्र थोडं बदलतं. तिथे कायद्याने लेखी करारातही ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत चालत नाही आणि करारच नसेल तर १५ दिवस. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, ही मुदत मोडणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च आयकरात पैसे दिल्यावरच मिळतो. त्यामुळे अशा पत्रावर तुमचा उद्यम नंबर छापलेला असला, तर मार्चअखेरीस वेगळा तगादा लावावा लागत नाही. घाऊक-किरकोळ व्यापाऱ्यांना मात्र उद्यम नोंदणी असली तरी उशिरा पैशांबाबतचं हे संरक्षण मिळत नाही, ते व्यापारी पेढीच्या पत्रात घालू नका.

कागद गोदामापर्यंत पोहोचवा

सही झालेली प्रत आली की टॅलीत पार्टीच्या लेजरमध्ये मुदत ४५ दिवस आणि मर्यादा ३,००,००० करा. `Check for credit days during voucher entry` हे `Yes` आहे का पाहा. दुसऱ्या फर्मचं लेजर वेगळं असल्यामुळे टॅली दोघांची बेरीज करत नाही. दोन्ही खाती एका ग्रुपमध्ये ठेवा आणि बिल काढण्याआधी ग्रुपची बाकी बघायची सवय लावा. गोदामात आणि बिलिंगला एकच यादी द्या, त्यात या पार्टीसमोर ‘चालू’ आणि मर्यादा लिहा.

सेल्समनला पत्राची प्रत द्या, आणि ती दुकानदाराच्या आधी द्या. नाहीतर तो आदल्या संध्याकाळीच सांगून मोकळा होतो, ‘झालं भाऊ, सहा लाख परत चालू.’ मग तुमचं पत्र शिक्षेसारखं वाचलं जातं.

पहिल्यांदा घसरलं तर

पहिल्या बिलाच्या चाळिसाव्या दिवशी आठवणीचा मेसेज पाठवा, बिल नंबर आणि तारखेसह. सेहेचाळिसाव्या दिवशी फोन करा. त्रेपन्नाव्या दिवशी बिल उघडंच असेल तर माल बंद, मग रक्कम पाच हजार असली तरी. पहिल्याच वेळी सूट दिलीत, तर पत्रातलं प्रत्येक वाक्य वाटाघाटीला मोकळं होतं. बंद करताना मात्र आवाज चढवायची गरज नाही. ‘भाऊ, ठरल्याप्रमाणे गाडी थांबली आहे, अमुक बिल टाकलं की सुटेल’ एवढं पुरे.

फक्त चूक तुमच्याकडची नाही ना, हे बंद करण्याआधी बघा. त्याने रक्कम पाठवली आणि यूटीआर नंबर तुमच्या मेसेजच्या ढिगात पडून आहे, असं घडतं. त्यावरून गाडी थांबवली, तर पुढच्या वेळी तो तुमच्या पत्राला दाद देणार नाही.

उन्हाळ्यातली बिलं तो बहुतेक वेळेवर देईल, कारण हंगामाचे पैसे हातात असतात. त्यामुळे मे-जूनमधल्या शिस्तीवरून हुरळून जाऊ नका. खरी कसोटी फळछाटणीच्या वेळी आहे, आणि तेव्हा ४५ दिवस त्याला पुन्हा जमणार नाहीत हे तुम्हाला आजच माहीत आहे. म्हणून ऑगस्टच्या आढाव्यातच हंगामाचं वेगळं बोलून घ्या. उदाहरणार्थ, १५ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबरच्या बिलांसाठी मर्यादेवर २ लाख जास्त, त्या बिलांची निम्मी रक्कम ४५ दिवसांत आणि उरलेली १५ मार्चपर्यंत, तिच्यापोटी त्या तारखेचे चेक. १५ सप्टेंबरच्या बिलाचे १८० दिवस १४ मार्चलाच भरतात, तेव्हा त्या पहिल्या आठवड्यातल्या बिलांची तारीख १० मार्च ठेवा. दर थोडा चढा लावायचा असेल तर तोही तेव्हाच ठरवा. छाटणी सुरू झाल्यावर, दुकानात शेतकऱ्यांची रांग असताना आणि तो फोनवर गाडी मागत असताना, हे बोलणं होत नाही.